भाग ३ : १८७६ चा दुष्काळ – पाऊस गेला, मग धान्य कुठे गेलं?

नमस्कार. या भागात नकाशा नाही, तक्ता नाही. आकडे मोजकेच आहेत आणि महत्त्वाचा आकडा मी दोनदा सांगेन. लिहून घेण्याची घाई करू नका.

(विराम)

साल १८७६. सोलापूर, नगर, सातारा आणि तेव्हाचा कलादगी, म्हणजे आजचा विजापूर-बागलकोटचा मुलूख. पावसाने दगा दिला. आडात पाणी नाही, रानात कडबा नाही. हे पहिलं कारण. पण दख्खनला अवर्षण नवं नव्हतं. या वेळी माणसं एवढी का मेली?

(विराम)

दहा-पंधरा वर्षं मागे चला. १८६१ ते ६५, अमेरिकेत यादवी युद्ध. तिकडचा कापूस थांबला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि भाव कोसळला. त्याच सुमारास इंदापूर, भीमथडी या भागांत सरकारने शेतसारा वाढवला. सारा रोख भरायचा, पीक येवो न येवो. शेतकरी सावकाराच्या दारात गेला. मे १८७५ मध्ये सुप्याच्या बाजारात लोकांनी कर्जाचे कागद जाळले. दुष्काळाच्या जेमतेम वर्षभर आधीची ही गोष्ट. म्हणजे पाऊस हुकला तेव्हा घरात पेव रिकामं होतं आणि पतही संपलेली होती.

(मोठा विराम)

आता रेल्वे. सोलापूरपर्यंत लोहमार्ग आधीच पोहोचला होता, धान्य येत होतं. पण ज्वारीचा भाव मजुराच्या हातात मावेना. धान्य स्टेशनात, भूक गावात. सरकारने बाजारात हात घालायला नकार दिला. व्यापार मोकळा राहिला, आणि याच काळात हिंदुस्थानातून गहू इंग्लंडला जातच राहिला. मला विचाराल तर या दुष्काळाचं मर्म इथे आहे.

(विराम)

जानेवारी १८७७. व्हाइसरॉय लिटन यांनी खर्चावर लगाम घालायला सर रिचर्ड टेंपल यांना पाठवलं. टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी ठरवली : दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. पुन्हा सांगतो, एक पौंड धान्य, एक आणा. बायकांना, मुलांना त्याहून कमी.

एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. ओंजळ डोळ्यांपुढे आणा. त्यात ज्वारी घ्या. अशा काही ओंजळी, आणि समोर दिवसभर फोडायची खडी.

(विराम)

हजारो मजुरांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारला लिहिलं की एवढ्यात माणूस जगत नाही. या लोकांची बाजू कागदावर राहिली ती त्या पत्रांमुळे.

मग पाऊस आला. पण बैल मेले होते, बियाणं खाऊन संपलं होतं आणि खंगलेल्या अंगांना हिवतापाने गाठलं. ब्रिटिश मुलखातले मृत्यू पंचावन्न लाखांच्या घरात सांगितले जातात. पंचावन्न लाख.

(मोठा विराम)

पुढच्या भागात १८७८ चा दुष्काळ आयोग.