एका सत्राची रजा मंजूर करून शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवण्याबाबत विनंती अर्ज

दिनांक : ४ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. आयुक्त,
समाजकल्याण आयुक्तालय, महाराष्ट्र राज्य, पुणे.

विषय : राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. वडिलांना मूत्रपिंड देण्यासाठी ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ या सत्राची रजा मिळणे व शिष्यवृत्ती अबाधित राहणे.

महोदय,

मी स्नेहल बनसोडे, मु. पो. बार्शी, जि. सोलापूर. आपल्या शिष्यवृत्तीवर ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात पर्यावरण अभियांत्रिकीचे एमएस करत आहे. दोन सत्रांत ३० पैकी १८ क्रेडिट पूर्ण झाली आहेत. गुणपत्रक जोडले आहे.

माझ्या वडिलांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीनदा ते सकाळची पहिली एसटी पकडून सोलापूरला डायलिसिसला जातात. चार तास झोपून राहायचे, डाव्या हाताच्या फिस्टुलात दर खेपेला दोन जाड सुया, आणि संध्याकाळी परत. जूनपासून मधेच रक्तदाब इतका घसरतो की डायलिसिस थांबवावे लागते. डॉक्टरांनी प्रत्यारोपण लवकर करायला सांगितले आहे. आईला मधुमेह असल्याने तिचे मूत्रपिंड घेता येत नाही. भाऊ १७ वर्षांचा आहे आणि कायद्याने सज्ञान नसलेल्याला अवयव देता येत नाही. राहिले मी. माझा व बाबांचा रक्तगट एकच आहे, मेमध्ये सुट्टीवर आले तेव्हा तपासण्या झाल्या, त्या जुळल्या. पुण्यात १६ सप्टेंबरला शस्त्रक्रिया ठरली आहे. त्यानंतर सहा ते आठ आठवडे मला जड उचलता येणार नाही, म्हणजे हे सत्र मला करता येणार नाही हे उघड आहे.

आता व्हिसाबाबत, कारण आपल्या निर्णयाचा त्याच्याशी थेट संबंध आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असताना न सांगता सत्र सोडले तर विद्यार्थी म्हणून अमेरिकेत राहण्याचा दर्जा जातो. म्हणून विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून आधी परवानगी घेऊन सेव्हिस या अमेरिकन सरकारच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंद प्रणालीत ‘अधिकृत माघार’ अशी नोंद करून घ्यायची आहे. नोंद झाल्यापासून १५ दिवसांत देश सोडावा लागतो, आणि ५ महिन्यांच्या आत परतले तर तीच सेव्हिस नोंद पुन्हा सुरू करता येते. माझी नोंद २० ऑगस्टला होईल, विमान ३० ऑगस्टचे आहे आणि मी ७ जानेवारी २०२६ रोजी परतेन. मुदत चुकली तर व्हिसासाठी विद्यापीठ देते तो आय-२० दाखला नव्याने, पुन्हा ३५० डॉलर सेव्हिस शुल्क, आणि शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीसाठी लागणारे एक शैक्षणिक वर्ष पुन्हा पहिल्यापासून. आजारपण माझे स्वतःचे असते तर अमेरिकेतच राहून कमी क्रेडिट घेण्याची सवलत मागता आली असती. घरच्या माणसाच्या आजारासाठी ती मिळत नाही.

विद्यापीठातील माझ्या विभागाने माझी जागा जानेवारीपर्यंत राखून ठेवण्याचे लेखी मान्य केले आहे. प्रयोगशाळेतले माझे नायट्रेटचे नमुने सहकारी सांभाळणार आहे. अडते ते एकाच ठिकाणी. रजेमुळे अभ्यासक्रम मे २०२६ ऐवजी डिसेंबर २०२६ मध्ये संपेल, आणि आय-२० ची मुदत वाढवताना तोपर्यंतच्या खर्चाची तरतूद दाखवावी लागते. माझ्याकडे त्यासाठी आपल्या कार्यालयाच्या पत्राशिवाय दुसरा कागद नाही. वडिलांच्या पेन्शनवर चार माणसांचे घर चालते. शिष्यवृत्ती खंडित झाली तर व्हिसा आणि जागा, दोन्ही हातची जातील.

म्हणून विनंती अशी की, हे सत्र अभ्यासातील खंड न समजता मंजूर रजा समजावे. वार्षिक १५,४०० डॉलर निर्वाह भत्त्यापैकी या पाच महिन्यांची रक्कम मला देऊ नये. ती आधीच जमा झाली असल्यास मी परत करीन, किंवा पुढील सत्रात वळती करावी. या सत्राचे शिक्षण शुल्क विद्यापीठाला पाठवू नये. मधल्या येण्याजाण्याचे विमानभाडे मी मागत नाही. उरलेल्या दोन सत्रांचे शुल्क व भत्ता मात्र पूर्वमंजुरीप्रमाणे डिसेंबर २०२६ पर्यंत देय राहील, असे इंग्रजी पत्र द्यावे. हमीपत्रात मी अभ्यासक्रम पूर्ण करण्याची हमी दिली आहे, ती कायम आहे. सुधारित मुदतीचे नवे हमीपत्र आईच्या व माझ्या सहीने लगेच देईन.

विद्यापीठाला १८ ऑगस्टपर्यंत उत्तर द्यायचे आहे. तोवर अंतिम आदेश निघणे शक्य नसेल तर अर्ज विचाराधीन असल्याचे आणि शिष्यवृत्ती बंद केलेली नसल्याचे दोन ओळींचे पत्र मिळाले तरी मला नोंद करून घेता येईल. माझ्या अनुपस्थितीत आई कोणत्याही दिवशी पुण्यात येऊन मूळ कागदपत्रे दाखवू शकेल.

सोबत रुग्णालयाचे शस्त्रक्रियेच्या तारखेचे पत्र, तपासणी अहवाल, वडिलांची डायलिसिसची नोंदवही, विभागाचे जागा राखल्याचे पत्र, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा ईमेल, सध्याचा आय-२० आणि २०२९ पर्यंत वैध असलेल्या व्हिसाची प्रत जोडली आहे.

आपली विश्वासू,
स्नेहल बनसोडे
वेस्ट लाफायेट, इंडियाना

प्रत : मा. सहायक आयुक्त, समाजकल्याण, सोलापूर