संध्याकाळच्या वहीचे नवे प्रश्न

मुलींनो, गेल्या सत्राची वही चाळली. आज कशाबद्दल आभार, तर "आई-बाबा, मैत्रिणी, तब्येत" हेच पानोपानी. त्यात खोटं काही नाही, पण रोज एकच प्रश्न विचारला की उत्तरही पाठ होतं. म्हणून आता प्रश्न बदलते राहतील.

मेसच्या टेबलावर कार्डांचे पाच गठ्ठे ठेवलेत. जेवणं आटोपली की रोज क्रमाने पुढच्या गठ्ठ्याचं वरचं कार्ड उचलायचं, मोठ्याने वाचायचं आणि त्याच गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायचं. रविवारीही. दिवस सात आणि गठ्ठे पाच, त्यामुळे या सोमवारी आभाराचं कार्ड निघालं तर सोमवारी पुन्हा आभार यायला 35 दिवस लागतील. दोन ओळी लिहिल्या तरी पुरे.

पहिला गठ्ठा : आभार

रोज आभार मानायलाच हवेत असं नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ यांच्या 2003 सालच्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या एका गटाने आठवड्यातून एकदाच, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या होत्या, आणि तरीही त्यांना आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं. आपल्याकडे पाच दिवसांतून एकदा.

• न सांगता आज तुझं काम कुणी केलं? नाव आणि काम दोन्ही लिही.
• जिचं किंवा ज्याचं नावही ठाऊक नाही, पण ज्यांच्यामुळे आजचा दिवस सुरळीत गेला, असं कोण?
• आज काय घडलं नाही म्हणून बरं वाटलं? (लाइट गेली नाही, हेही चालेल.)
• तुझ्या शिक्षणासाठी घरात कुणी कशावर पाणी सोडलं? हे वाचून दाखवायची सक्ती नाही.

दुसरा : डोळे, कान, नाक

• आज कानावर पडलेलं एक वाक्य, ज्या बोलीत ऐकलं तसंच. अहिराणी, लेवा, तावडी, पावरी, काहीही. शुद्ध करायला जाऊ नका, मी तपासणार नाही.
• आज कोणता वास आला आणि त्याने कोण आठवलं? भरताची वांगी भाजल्याचा वास एकदाच लिहायचा, नाहीतर हिवाळाभर तेच येईल.
• कॉलेजच्या वाटेवर रोज असूनही आजच दिसलं, असं काय?

तिसरा : कुरकुर

हा गठ्ठा मुद्दाम ठेवलाय, आणि खरं सांगायचं तर मला हाच जास्त आवडतो. सारखं गोड लिहून वही चिकट होते.

• मेसबद्दल एक तक्रार आणि तिच्यावर तुझा उपाय. शेवभाजीत शेव आधीच टाकल्याने लगदा होतो हे मावशींना सांगून झालंय, दुसरं लिहा.
• आज कुणावर चिडलीस? आता तिची बाजू तीन ओळींत मांड. तुला पटलीच पाहिजे असं नाही.
• "हो" म्हणालीस, पण "नाही" म्हणायचं होतं, असं आज कधी झालं?
• जळगावच्या उन्हाला शिव्या न देता आजच्या दुपारचं वर्णन कर. (हे कार्ड मार्चपासून गठ्ठ्यात येईल.)

चौथा : घर

• आज फोनवर आईला काय सांगितलं नाहीस?
• आत्ता तुमच्या शेतात काय चाललं असेल? केळी, कापूस, मिरची, जे असेल ते. शेत नसेल तर घरातली या वेळची कामं लिही.
• कानबाईच्या रोटांना भाऊबंद जमतात तेव्हा सगळ्यात जास्त राबतं कोण? "तू जेवलीस का?" असं तिला कुणी विचारतं का?
• आखाजीच्या झोक्यावरच्या गाण्याची एक ओळ. आठवत नसेल तर कुणाला फोन करून विचारशील? मग आत्ताच कर.

पाचवा : उद्या

• उद्याचं एकच काम, जे झालं की बाकी राहिलं तरी चालेल.
• उद्या कुणाजवळ दोन मिनिटं थांबशील?

फिरून तेच कार्ड आलं तर आधी नवं उत्तर लिहायचं, मगच मागचं पान उघडायचं. काही सुचलं नाही तर "आज काही नाही" लिहून सही करा. मात्र सलग तीनदा तसं दिसलं तर मी चहाला बोलावेन. दुसरीच्या उत्तरावर हसायचं नाही, बाहेर सांगायचं नाही. वहीत लिहिण्यासारखं नसेल आणि एकटीने झेपतही नसेल, तर माझ्या खोलीचं दार वाजवा. रात्रीचे बारा वाजले असले तरी.

एखाद्या कार्डाचा कंटाळा आला तर फाडू नका. त्यावर फुली मारून मागच्या कोऱ्या बाजूला आपला प्रश्न लिहा, खाली खोली नंबर टाका. "आज तू आनंदी आहेस का?" असले हो-नाहीचे प्रश्न मी काढून टाकेन.

सोमवारी पहिलं कार्ड खोली नंबर 4 ने उचलायचं. पेन दोऱ्याने टेबलाला बांधलंय, ते तिथेच राहू द्या.

— रेक्टर ताई