मला पिट्टा का म्हणतात

सोलापूर

लाडक्या मनूस, अनेक आशीर्वाद.

परवा लग्नात माझी ती मैत्रीण मांडवाच्या त्या टोकावरून "ए पिट्टा" म्हणून ओरडली आणि तू मला विचारलंस, आजी तुला पिट्टा का म्हणतात, तू कुणाचा पिट्टा पाडलास का? तिथे बँडच्या आवाजात काय सांगणार, आणि फोनवर तू नेहमी घाईत असतेस, म्हणून म्हटलं बसून लिहूनच पाठवावं. तुझ्या आईलाही हे सगळं नीट माहीत नाही.

१९६३ सालची गोष्ट, मी आठ वर्षांची. आम्ही पूर्व भागात राहायचो, गल्लीत मराठी बोलणारी घरं दोन-तीनच, बाकी सगळे पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारे. दर घरात हातमाग, खड्ड्यात पाय सोडून माणूस बसलेला आणि दिवसभर धोट्याची खटकखट. आमच्या शेजारच्या घरी लुगडी विणायचे. त्या घरातली म्हातारी म्हणजे अव्वा, सगळी गल्लीच तिला अव्वा म्हणायची, ती दारातल्या उजेडात राट घेऊन कांड्या भरायची. तिला मराठी जवळजवळ येत नव्हतं आणि मला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता.

त्या पावसाळ्यात माझ्या आईला मुदतीचा ताप आला. तीन आठवडे ती दवाखान्यात होती. बाबा मिलमध्ये रातपाळीला, सकाळचा भोंगा झाला की सुटायचे ते सरळ आईकडे जायचे, मग दुपारी थोडं झोपणार आणि परत कामावर. मला त्यांनी अव्वाच्या ताब्यात दिलं. मनू, मला आईची फार भीती वाटत होती गं, म्हणजे ती परत येईल की नाही याची, आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं म्हणून मी बोलायचंच बंद केलं आणि जेवायचंही. ताट पुढं आलं की मान खाली घालून बसायची.

अव्वाने एकदासुद्धा जबरदस्ती केली नाही. आजही मला तिच्यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. दोन दिवस तिने बघितलं आणि तिसऱ्या दिवशी राटाशेजारी भाजलेल्या शेंगांचं टोपलं ठेवून दिलं, मला काही बोलली नाही, माझ्याकडे पाठ करून कांड्या भरत बसली. मी बघत होते, तिची मान वळत नाही म्हटल्यावर एक शेंग उचलली, मग परत थांबले, मग अजून एक, टरफलं फ्रॉकच्या खिशात लपवली की दिसायला नको. असं दुपारपर्यंत चाललं. आणि मग मी पाणी प्यायला उठले तर खिशातली सगळी टरफलं खाली सांडली!

अव्वा वळली आणि मागावर बसलेल्या तिच्या मुलाला मोठ्यानं ओरडून म्हणाली, "पिट्टा तिन्दी!" खटकखट थांबली, सगळं घर हसायला लागलं. मला वाटलं चोरी पकडली आणि आता पिट्टा म्हणजे मार बसणार. मी जी पळाले ती घरात जाऊन दाराच्या मागं.

बाबांना मी रडत तेवढेच दोन शब्द सांगितले, किती दिवसांनी पहिल्यांदा बोलत होते. त्यांनी रात्री मिलमध्ये खात्यातल्या एका तेलुगू माणसाला विचारलं. सकाळी दवाखान्यात जायच्या आधी ते घरी आले, मला उठवून मांडीवर घेतलं आणि म्हणाले, अगं वेडे, पिट्टा म्हणजे पाखरू. पाखरानं खाल्लं, असं म्हणत होती ती.

म्हणजे ती म्हातारी दोन दिवस तेवढ्याचीच वाट बघत होती बघ.

त्या दिवशी मी अव्वाच्या हातचा पप्पू-भात पोटभर खाल्ला. नंतर आई बरी होऊन आली तरी रोज शाळा सुटली की दप्तर टाकून मी तिकडंच, कांड्या भरायला शिकले, तेलुगूही शिकले. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला की अव्वा गर्दीत माझं मनगट धरून चालायची आणि मला हाक मारायची ती पिट्टा म्हणूनच, मग सगळ्या गल्लीचं तेच झालं. शाळेत मात्र पोरी चिडवायच्या, पिट्टा पडला पिट्टा पडला, पण मला अर्थ माहीत होता, मी चिडायचे नाही.

अव्वाला जाऊन आता खूप वर्षं झाली, तो माग पण गेला, त्या जागी यंत्रमाग आला आणि नंतर तोही बंद पडला. आईबाबा नाहीत. मला पिट्टा म्हणणारी एकच उरलीय, ती लग्नातली मैत्रीण, अव्वाची नात. नारळी पौर्णिमेला सुट्टी काढून ये की, रथ बघू आणि तिच्या घरी जाऊ. "पिट्टा तिन्दी" तिच्या तोंडून ऐक, ती अगदी अव्वासारखं म्हणते, मला इतक्या वर्षांत तसं जमलेलं नाही.

शेंगाचटणीचा डबा तुझ्या मामाबरोबर पाठवतेय, मैत्रिणींना पण दे.

तुझी आजी