‘आडवी बाग’ वाचून मनीषाला

निंभोरा, ता. रावेर
२२ जून

प्रिय मनीषा,

अभिनंदन गं! तुझा कथासंग्रह पोस्टानं आला आणि पोस्टमनदादा दारात उभे असतानाच मी पाकीट फाडलं. त्यांनी माझी सही घ्यायची राहिली होती. ते म्हणाले, “वहिनी, आधी सही.” मी म्हटलं, “दादा, माझ्या मैत्रिणीचं पुस्तक आहे, जरा थांबा.” मग त्यांनीही मागून-पुढून बघितलं, तुझं नाव मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, “त्या कृषी सहायक मॅडम ना? आमच्याकडं पंचनाम्याला यायच्या त्या?” बदली होऊन तू शिरपूरकडं गेलीस त्याला एवढी वर्षं झाली, तरी इथं तू अजून ‘त्या मॅडम’च आहेस.

फोनवर बोलले असते, पण फोनवर मला नुसतं “छान, फार छान” एवढंच म्हणता आलं असतं. तुझ्या पुस्तकाला तेवढं पुरणार नाही. म्हणून बसून लिहितेय.

सुरुवात ‘मोजणी’पासूनच करते, कारण पुस्तक संपलं तरी माझं मन त्याच कथेपाशी आहे. वादळ पाऊण पान, बस. ढग, धूळ, पत्रा उडाल्याचा आवाज, आणि मग लगेच दुसऱ्या दिवशीची सकाळ. दुसरं कुणी असतं तर वादळाचीच दहा पानं केली असती. तू मात्र आम्हाला बांधावर उभं केलंस आणि अप्पांच्या मागं चालायला लावलंस. मृगात ५ बाय ५ फुटांवर लावलेली केळीची दोन एकर मृगबाग, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास खोडं, आणि सगळी एकाच दिशेला डोकं करून पडलेली. तुझी कृषी सहायक सांगते, अप्पा, मोजायची गरज नाही, मदतीला लागणाऱ्या ३३ टक्क्यांच्या कितीतरी वर नुकसान गेलंय. अप्पा म्हणतात, “मले टक्के नको सांगू बाई. एकेक खोड मोज.” आणि ती मोजते!

फॉर्मवर खोडांचा रकानाच नसतो, हे मला माहीत आहे. बाधित क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहायचं, पुढं टक्का, पुढं सह्या. म्हणजे त्या बाईनं दुपारपर्यंत उन्हात मोजलेला आकडा सरकारच्या कुठल्याच कागदावर जाणार नाही. तिलाही ते ठाऊक आहे. तरी ती ओळीच्या टोकाला थांबून आकडा मोठ्यानं सांगते, अप्पा मान हलवतात आणि पुढच्या ओळीत शिरतात. मध्येच एखादं खोड उभं सापडतं. तिथं अप्पा थांबतात, घडाखाली हात धरून वजनाचा अंदाज घेतात आणि म्हणतात, “हे बी लिहा.” इथं मला पुस्तक खाली ठेवावं लागलं. पडलेलं सगळेच लिहून नेतात. उभं राहिलेलं लिहून घ्यायला त्या माणसाकडं कुणी आलेलंच नसतं.

आमची बाग पडली त्या वर्षी तूच पंचनाम्याला आली होतीस. तेव्हा तू आमच्याकडं फार बोलली नव्हतीस. चहा घेतलास, फोटो काढलेस, तलाठी आणि ग्रामसेवकांच्या सह्या घेतल्यास आणि पुढच्या शिवारात गेलीस. त्या आठवड्यात तुला अशी किती शिवारं फिरायची होती, देव जाणे. पण एक गोष्ट तू तेव्हा बघून ठेवलीस आणि कथेत आणलीस, ती मी दुसऱ्या कुणाच्या लिखाणात वाचलेली नाही: पडलेली बाग उचलायलाही पैसे लागतात. लोकांना वाटतं पीक गेलं म्हणजे खर्च थांबला. खरा खर्च तिथून सुरू होतो. कच्च्या घडाला व्यापारी हात लावत नाही, खोडं पाण्यानं जड, ती तोडायची, बांधापर्यंत ओढायची, खालच्या ठिबकच्या नळ्या फाटू न देता गोळा करायच्या, आणि हे सगळं मजुरी देऊन. आमच्या ह्यांनी त्या वर्षी सगळ्यात आधी नळ्या गुंडाळल्या. कुणाशी बोलले नाहीत, जेवायला हाक मारली तरी आले नाहीत, नुसत्या नळ्या गुंडाळत राहिले. तुझे अप्पा शेवटच्या पानावर नळी गुंडाळायला बसतात. ते मी ह्यांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण रात्री स्वतः पुस्तक घेऊन ओट्यावर बसले. बाजारभावाखेरीज दुसरं काही वाचताना मी ह्यांना क्वचितच पाहिलंय.

आणखी एक. मदतीसाठी नुकसानीची ती अट ५० टक्क्यांवरून ३३ वर २०१५ मध्ये आली, मृगबागेचे घड मे-जूनमध्ये भरत येतात आणि नेमकं तेव्हाच वादळ गाठतं, केळीचं खोड म्हणजे पानांच्याच गुंडाळ्या म्हणून वरचं वजन झालं की ते वाऱ्यापुढं टिकत नाही; हे सगळं तुला पाठ आहे. तरी कथेत तू ते कुठंही शिकवत बसली नाहीस. अप्पांच्या आणि तिच्या बोलण्यातून जेवढं आलं तेवढंच येऊ दिलंस. पुण्या-मुंबईचा वाचक एखाद्या शब्दाला अडेल कदाचित. अडू दे. तू लिहिलंयस त्यात काही बदलू नकोस.

आता ‘साल’. ही सासूबाईंना वाचून दाखवली, कारण आखाजीची, अक्षय्य तृतीयेची कथा आहे म्हटल्यावर त्या खाट ओढून माझ्याजवळच आल्या. आखाजी म्हटलं की लोक झोके, गाणी, माहेरी आलेल्या पोरी एवढंच लिहितात. वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, सालदाराचं साल त्याच दिवशी संपतं आणि नवं ठरतं, हे शेतकऱ्याच्या घरातल्यालाच माहीत. तुझ्या कथेत पितरांसाठी घागर भरलीय, वर डांगर ठेवलंय, रस-पुरणपोळीचं ताट वाढलंय आणि सालदार भिका जेवायला बसलाय. बाग आडवी झाल्यामुळं मालकाला यंदा सालदार ठेवणं झेपणार नाही. भिकाला ते कळलंय. मालकाला कळलंय की भिकाला कळलंय. आणि दोघांपैकी कुणीच बोलत नाही. मालकीण मात्र पुन्हा पुन्हा रस वाढते. भिका नको म्हणतो, तरी वाढते. बाहेर निंबाला बांधलेल्या झोक्यावर त्याची पोर मालकाच्या पोरींबरोबर झोका घेतेय, तिला यातलं काही ठाऊक नाही.

सासूबाई ऐकता ऐकता एकदम म्हणाल्या, “ती रस काऊन वाढते, मले माहीत आहे.” मग उठून आत गेल्या. आमच्याकडं वर्षानुवर्षं सालदार होता. तो कसा गेला हे मला लग्न होऊन आल्यापासून कुणी सांगितलेलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी भाकरी थापताना त्यांनी ते सगळं सांगितलं. इथं लिहीत नाही, तू आलीस की त्यांच्याच तोंडून ऐक. पण मनीषा, तुझ्या सात पानांनी आमच्या घरातली एवढी जुनी गोष्ट बाहेर काढली. तू लिहिताना ना मालकाला दुष्ट केलंस ना भिकाला बिचारा. माझ्या मते हीच पुस्तकातली सगळ्यात अवघड कथा आहे आणि ती तू सगळ्यात साधी लिहिली आहेस.

आपल्या अमळनेरची अहिराणीही जागोजागी भेटली. ‘मोजणी’तली बदली होऊन आलेली ती सहायक दिवसभर इथल्या लोकांशी त्यांच्या बोलीत जुळवून घेते आणि रात्री फोनवर आईला विचारते, “माय, तू जेवनी का?” तेवढ्या एका वाक्यानं मला सासरची पहिली वर्षं आठवली. मीही दिवसभर इथलं बोलायचे आणि माहेरचा फोन आला की जीभ मोकळी व्हायची.

सगळ्याच नऊ कथा मला सारख्या आवडल्या असं नाही, आणि तुला खोटं सांगणार नाही. ‘वखार’ अर्ध्यापर्यंत पकडून ठेवते, व्यापारी आणि त्याचा मुनीम दोघंही डोळ्यांपुढं उभे राहतात, पण शेवटी तू त्या मुनीमाला घाईघाईनं चांगला करून टाकलंस. तो तसा बदलायला नको होता, निदान इतक्या लवकर नको. रेल्वेच्या मालधक्क्यावरची कथा मात्र अजून मोठी व्हायला हवी होती. गाडी भरणाऱ्या बायांचं बोलणं ऐकत राहावंसं वाटत होतं आणि कथा संपली. पुढचं पुस्तक तिथूनच सुरू कर.

अमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये साहित्य संमेलन झालं तेव्हा आपण दोघी ग्रंथदालनात फिरत होतो, आठवतं? तू प्रत्येक गाळ्यावर नव्या कथासंग्रहांची शेवटची पानं उघडून प्रकाशकाचा पत्ता बघायचीस आणि पुस्तक पुन्हा जागेवर ठेवायचीस. तेव्हा तुझ्या पिशवीत हेच हस्तलिखित होतं, आणि ते दोन ठिकाणांहून परत आलं होतं. तू कुणाला दाखवलं नाहीस. मी दाखव म्हटलं तर म्हणालीस, “अजून ‘मोजणी’ नीट झालेली नाही.” आज वाचल्यावर कळतंय तू कशासाठी थांबली होतीस. दिवसभर शिवारं, संध्याकाळी अहवाल, घरी दोन लेकरं, आणि त्यातून वेळ काढून तू एकच कथा पुन्हा पुन्हा लिहीत बसलीस. मला तुझा फार अभिमान वाटतो. आपल्या वर्गात निबंधाला कायम तुझाच पहिला नंबर यायचा, पण हे निबंधाचं यश नाही. हे तू पायी फिरून, उन्हात उभं राहून, लोकांच्या ओट्यावर बसून मिळवलेलं आहे.

इथल्या वाचनालयासाठी पाच प्रती हव्यात आणि दोन ह्यांच्या मित्रांसाठी. पैसे पाठवते, फुकट द्यायची नाहीस. तुझ्या पुस्तकाचे पहिले पैसे केळीवाल्यांच्या घरातून यावेत अशी ह्यांचीच इच्छा आहे. श्रावणात कानबाईच्या सणाला इकडं ये. रोट असतीलच, आणि सासूबाईंनी भरताची वांगी आत्तापासूनच सांगून ठेवलीत. येताना ‘मोजणी’ मोठ्यानं वाचायची तयारी करून ये. गल्लीतल्या बाया ऐकायला जमणार आहेत, मी सगळ्यांना सांगून बसलेय.

लेकरांना गोड पापा, भाऊंना नमस्कार.

तुझीच,
रेखा