आमच्या घरच्या गणपतीची वही : दहा दिवसांची प्रार्थना आणि निरोपाचं गाऱ्हाणं

बाबा होते तोवर हे मागणं कुणी लिहून ठेवलं नव्हतं. ते समईसमोर उभे राहत आणि बोलत जात. दोन वर्षांपासून पूजेला बसणाऱ्याला मध्येच शब्द अडतात, म्हणून यंदा वहीत उतरवलं. प्राणप्रतिष्ठेचे मंत्र भटजी सांगतील, आरत्या सगळ्यांना पाठ आहेत. हे मधलं, आपल्या बोलीतलं. मोठ्याने म्हणायचं, मुलांना ऐकू जाईल इतकं.

चतुर्थी, मूर्ती पाटावर बसल्यावर

(माटवीच्या खाली उभं राहून. आधी वर बघायचं: कवंडळं, तेरडा, सुपारीचा घोस, आंब्याचे टाळे, शहाळं.)

गणराया, आलास. वाट बघत होतो.

तुझ्या डोक्यावर जे बांधलंय ते आपल्याच रानातलं आहे. कवंडळं पोरांनी कुंपणावरून काढली, सुपारी परसातली, तेरडा बांधावरचा. बाजारातून फक्त कापूर आणि उदबत्ती आणली. पावसाने जे दिलं ते आधी तुला दाखवतो, मग आम्ही हात लावतो.

ही शाडूची माती आहे, ठाऊक आहे. पण आता या मातीत तू आहेस. दहा दिवस या घराचा मोठा माणूस तू. तुझ्यासमोर कुणाचा आवाज चढणार नाही, कुणी कुणाला टाकून बोलणार नाही. बोललंच, तर त्याच संध्याकाळी आरतीला दोघांना शेजारी उभं कर.

मंगलमूर्ती मोरया.

रोज सकाळी, दुर्वा वाहताना

(एकवीस दुर्वांची जुडी, तीन किंवा पाच पात्यांच्या, कोवळ्या. लाल जास्वंद देठासकट. दर दुर्वेला «ॐ गं गणपतये नमः». मग :)

देवा, ही दुर्वा पायाखाली तुडवली तरी पुन्हा उगवते. तसं आमचं घर ठेव.

आज जो शाळेत जाईल त्याला लक्ष दे. जो शेतात जाईल त्याच्या पायाला काटा, जनावर लागू देऊ नकोस. जो लोकलला लटकून कामावर जाईल त्याला घरी आण. भात पोटरीला आलंय. लागेल तेवढाच पाऊस दे, वारा बेताचा दे.

आईचे गुडघे दुखतात. ती तुझ्यासमोर वाकू शकत नाही, खुर्चीत बसून हात जोडते. तिचा नमस्कार पहिला घे.

ऋषिपंचमी

(आज बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. परसातल्या भाज्यांची ऋषीची भाजी, तिखट-मसाला न घालता.)

ज्यांनी रान ओळखलं, कंद ओळखले, खायचं काय आणि सोडायचं काय ते सांगितलं, त्या ऋषींना नमस्कार. आणि वर्षभर मानेवर जू घेतलेल्या बैलांना आजचा एक दिवस त्यांचा.

दुपारी, नैवेद्य दाखवताना

(पानाभोवती पाणी फिरवून, डोळे मिटून. पहिल्या दिवशी एकवीस उकडीचे मोदक; बाकीचे दिवस जे शिजेल ते.)

गणराया, जेवून घे. उकड आज थोडी चिरली, मोदकाच्या पाकळ्या नीट आल्या नाहीत. हात नवे आहेत, शिकतील. ज्या हातांकडून हे हात शिकले त्या आजीची आठवण तुझ्या पानावर ठेवतो.

चूल पेटवणाऱ्यांना, भांडी घासणाऱ्यांना, सगळ्यांना वाढून शेवटी बसणाऱ्यांना आधी तृप्त कर. त्यांच्या पानात गरम पडू दे.

(हे म्हणून झाल्यावर पुरुषांनी उठून पानं घ्यायची. नुसतं म्हणून सोडायचं नाही.)

गौर येते त्या दिवशी

(तेरड्याची गौर पाणवठ्यावरून आणायची, मागे वळून न बघता. नैवेद्य भाजी-भाकरीचा.)

ये गो माये. दारातून ये, माजघरात ये, चुलीपाशी ये, भाताच्या कणगीपाशी ये. पावलं काढलीत, त्यावरून ये.

लांबून आलीस, दमली असशील. आज पालेभाजी-भाकर खा, उद्या पुरणाचं जेव. या घरातून सासरी गेलेल्या सगळ्या पोरी आज तुझ्यात बघतो. ज्यांना यायला मिळालं नाही त्यांच्या दाराशी जाता जाता थांब. सुमनचे दिवस भरत आलेत. तिचं बाळंतपण सुखाने कर. मुलगा दे, मुलगी दे, तुझी जी इच्छा. दोघं सुखरूप दे.

संध्याकाळी, आरती आणि मंत्रपुष्पांजलीनंतर

(फुलं हातात धरूनच. व्हिडिओ कॉलवर असतील त्यांना या वेळी मूर्ती नीट दाखवायची.)

देवा, आजचा दिवस गेला. पूजेत जे चुकलं ते पोटात घाल. आरतीत कडवं मागेपुढे झालं, टाळ चुकला, मन भलतीकडे गेलं; तू सगळं ऐकलंस.

ज्याच्याकडे आज रागाने बघितलं त्याचं भलं कर. ज्याचं देणं आहे ते फेडायची ताकद दे. गावात ज्या घरी सुतक आहे, ज्या घरी यंदा तू बसला नाहीस, त्या घरातही हा उजेड पोचू दे.

रात्री समई विझू देणार नाही. तेल घालायला आळीपाळीने उठू.

अनंत चतुर्दशी, उत्तरपूजा

(अक्षता वाहून हे म्हणायचं आणि मूर्ती जागेवरून थोडी हलवायची. मुलांना जवळ घ्या. या क्षणी ती रडतात.)

यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम् ।
इष्टकामप्रसिद्ध्यर्थं पुनरागमनाय च ॥

निरोपाचं गाऱ्हाणं

(काकांनी घालायचं. सगळ्यांनी खळ्यात उभं राहून «होय म्हाराजा» म्हणायचं. मालवणीतच, बाबा घालायचे तसं.)

बा देवा गणराया, म्हाराजा! — होय म्हाराजा!

आज ह्या घरची सगळी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत. — होय म्हाराजा!

धा दिवस तुझी जी काय मोडकीतोडकी सेवा केली, ती गोड मानून घे. काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल. — होय म्हाराजा!

जी पोरां पोटासाठी मुंबैक गेली, पुण्याक गेली, दर्यापलीकडे गेली, तेंका थंयसर सांभाळ. — होय म्हाराजा!

घरात जी म्हातारी माणसां आसत, तेंच्या हातापायात बळ दी. — होय म्हाराजा!

भावाभावात जा काय वाकडा झाला आसात, ता सरळ कर. — होय म्हाराजा!

आणि पुढच्या वर्षाक ह्याच खळ्यात, ह्याच लेकरांका, एकाक कमी न करता, तुझ्या पायाकडे उभी कर रे म्हाराजा! — होय म्हाराजा!

व्हाळावर

(पाण्याकाठी पुन्हा आरती. शिदोरी सोबत : दही-पोहे, गूळ, खोबरं. निर्माल्य पाण्यात सोडायचं नाही, परत आणून माडाच्या मुळाशी घालायचं. बुडवताना मूर्तीचं तोंड घराकडे.)

गणराया, ही शिदोरी घे, वाटेत भूक लागेल. आईला सांग, तुझं नीट झालं. माती मातीत जाते आहे; तू जात नाहीस, हे आम्हाला माहीत आहे, तरी डोळ्यांत पाणी येतं, त्याला काय करू.

एकदा घराकडे बघून घे.

गणपती बाप्पा मोरया! पुढच्या वर्षी लवकर या!

परत आल्यावर

(व्हाळातली मूठभर वाळू रिकाम्या पाटावर ठेवून, समोर समई.)

देवा, पाट रिकामा आहे, माटवी अजून वर आहे. आज रात्रीपुरती ही वाळू तूच. उद्या ती घरात, गोठ्यात आणि भाताच्या कणगीपाशी टाकू. पाट धुऊन माळ्यावर ठेवू, तुझ्या नावाचा.