शोधलेख प्रकाशनार्थ सादर करण्याबाबत संपादकांना पत्र

अंबाजोगाई, जि. बीड
१८ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. संपादक,
लोकसाहित्यविषयक त्रैमासिक, पुणे

विषय : ‘जात्यावरून खडीवर : १९७२च्या दुष्काळातील मराठवाड्याच्या ओव्या’ हा शोधलेख प्रकाशनार्थ पाठवत आहे.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

वरील शीर्षकाचा सुमारे साडेसात हजार शब्दांचा लेख आपल्या त्रैमासिकात प्रसिद्धीसाठी विचारात घ्यावा, ही विनंती.

ओवीच्या अभ्यासात एक गृहीत पक्के बसले आहे. गावात पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी थांबली. आष्टी, पाटोदा, भूम आणि कळंब या तालुक्यांतील वयस्क स्त्रियांकडून मी ज्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, त्या हे गृहीत मोडतात. बाहत्तरच्या दुष्काळात या बायका खडी फोडायला गेल्या आणि ओवी त्यांच्याबरोबर कामावर गेली. तिथे तिचा विषय बदलला, तशी चालही बदलली, असे माझे प्रतिपादन आहे.

चालीचा मुद्दा थोडा सविस्तर सांगतो, कारण लेखाचा भार त्यावरच आहे. जात्यावर खुंटा फिरत राहतो, म्हणून ओळ लांबवता येते, शेवटचा स्वर ओढता येतो. खडी फोडताना दगड निसटू नये म्हणून त्याभोवती चिंध्यांची चुंबळ धरायची आणि वरून हातोडा घालायचा. घाव पडला की श्वास तुटतो. त्यामुळे ओळ मधोमध दुभंगते, ‘बाई’, ‘सांगते’ यांसारखी पालुपदे गळतात आणि उरलेला अर्धा चरण शेजारीण उचलते. एकटीची ओवी अशी दोघींची होते. एकाच बाईने तीच ओवी आधी जात्यावर व नंतर खडीच्या लयीत म्हणून दाखवली, त्या मुद्रणांची तुलना लेखाच्या तिसऱ्या भागात आहे. ध्वनिफिती सोबत जोडल्या आहेत. त्या ऐकूनच तो भाग वाचावा, असा माझा आग्रह आहे.

आशयाच्या अंगाने या ओव्यांत मुकादम, मस्टर, खडीचे ब्रास, लाल मिलो आणि सुकडी येते. माहेर आणि भाऊ सुटत नाहीत. फक्त भाऊही आता त्याच कामावर असतो. रोजगार हमीचा इतिहास बहुधा वि. स. पागे यांची कल्पना, १९७७चा कायदा आणि २६ जानेवारी १९७९पासूनची त्याची अंमलबजावणी, या टप्प्यांनी सांगितला जातो. ते योग्यच आहे. पण मजुरी मोजून घेणाऱ्या बाईला त्या मोजमापाविषयी काय वाटत होते, हे तिच्याच शब्दांत या ओव्यांतून कळते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी उभ्या केलेल्या, लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहाचे ऋण लेखात मानले आहे. माझे काम त्या संग्रहाला पर्याय नव्हे. दुष्काळी कामावरची ओवी वेगळी काढून तिची लय तपासणे, एवढीच त्यात घातलेली भर आहे.

हा लेख पूर्वी कोठेही प्रसिद्ध झालेला नाही. तो सध्या अन्य कोणत्याही नियतकालिकाकडे, संपादित ग्रंथाकडे किंवा संकेतस्थळाकडे विचारार्थ दिलेला नाही. आपला निर्णय लेखी कळेपर्यंत तो इतरत्र देणार नाही. यातील चार ओव्या माझ्या एका दिवाळी अंकातील आठवणीवजा लेखात येऊन गेल्या आहेत. त्यात लयीचे विश्लेषण नव्हते. आपल्याला पडताळता यावे म्हणून त्याची प्रत जोडली आहे.

लेखन माझे एकट्याचे आहे. कामासाठी कोणाचेही अनुदान घेतलेले नाही. ज्यांच्या ओव्या घेतल्या त्या प्रत्येकीची संमती आहे. काहींनी ‘माझं नाव लिवा’ असे आवर्जून सांगितले, तिथे खरे नाव ठेवले आहे. इतरत्र फक्त गाव दिले आहे. माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक आपल्या सल्लागार मंडळावर असल्याने लेख परीक्षणासाठी त्यांच्याकडे जाऊ नये. परीक्षकांना पाठवायच्या प्रतीतून माझे नाव आणि ओळख पटेल असे उल्लेख काढले आहेत.

एक कळकळीची विनंती. ओव्यांतील ‘व्हतं’, ‘करायलेत’, ‘जायली’ ही रूपे मुद्रितशोधनात प्रमाण करू नयेत. ती बदलली तर मात्रा बदलतात आणि लयीचा सगळा पुरावाच नाहीसा होतो. माझ्या गद्यात मात्र आपल्या शैलीनुसार जरूर दुरुस्त्या कराव्यात. परीक्षकांनी सुचवलेल्या बदलांवर काम करण्याची तयारी आहे.

आपला विश्वासू,
दत्तात्रय जाधव
सहयोगी प्राध्यापक, मराठी विभाग

सोबत : लेखाची नावासह व नावाविना अशा दोन प्रती, ध्वनिफिती, संमतिपत्रांचा नमुना, दिवाळी अंकातील लेखाची प्रत.