ताणलेल्या तारेतील प्रतिबल, विकृती आणि यंगचा गुणांक : सर्लच्या उपकरणाने करावयाचा प्रयोग

इयत्ता अकरावी, विज्ञान शाखा. भौतिकशास्त्र प्रात्यक्षिक टिपण.

उद्देश. पोलादी तारेवरील भार आणि तिच्या लांबीतील वाढ यांचा आलेख काढून तारेच्या द्रव्याचा यंगचा स्थितिस्थापकता गुणांक ठरविणे.

तात्त्विक भाग. तारेचे वरचे टोक घट्ट आवळून खालच्या टोकाला वजन टांगले, की तार किंचित लांब होते आणि तिच्या द्रव्यात त्या ओढीला विरोध करणारे अंतर्गत बल निर्माण होते. तार समतोलात असते तेव्हा हे अंतर्गत बल बाहेरून लावलेल्या बलाएवढेच असते. म्हणून काटछेदाच्या एकक क्षेत्रफळावरील बल, म्हणजेच प्रतिबल, आपण टांगलेल्या वजनावरून काढू शकतो. मूळ लांबीच्या तुलनेत झालेली वाढ म्हणजे विकृती. प्रतिबलाचे एकक न्यूटन प्रति चौरस मीटर, म्हणजे पास्कल, आहे. विकृती हे दोन लांबींचे गुणोत्तर असल्याने तिला एकक नसते.

```
प्रतिबल = F / A = M g / (π r²)
विकृती = l / L
Y = प्रतिबल / विकृती = M g L / (π r² l)
```

येथे L ही तारेची मूळ लांबी, r ही त्रिज्या, M हे टांगलेले वस्तुमान आणि l ही लांबीतील वाढ आहे. वाढ बलाच्या प्रमाणात असते हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये उलगडून मांडला. ज्यांचे नाव या गुणांकाला मिळाले त्या थॉमस यंग यांचे विवेचन १८०७ चे आहे. हूकचा नियम केवळ प्रमाणबद्धतेच्या मर्यादेपर्यंत लागू पडतो, आणि Y ला द्रव्याचा स्थिरांक म्हणता येते ते त्या मर्यादेच्या आतच.

रबर पोलादापेक्षा अधिक स्थितिस्थापक आहे असे उत्तर तोंडी परीक्षेत वारंवार ऐकू येते. भौतिकशास्त्राच्या अर्थाने ते चूक आहे. सारख्याच विकृतीसाठी ज्या पदार्थात जास्त प्रतिबल निर्माण होते तो अधिक स्थितिस्थापक, आणि पोलादाचा Y सुमारे २०० गिगापास्कल, तांब्याचा सुमारे ११०, तर ॲल्युमिनियमचा सुमारे ७० गिगापास्कल असतो. रबराचा गुणांक यांच्या हजारो पटींनी लहान आहे.

उपकरणाची रचना. या प्रयोगातली खरी अडचण म्हणजे मोजावयाची वाढ अत्यंत लहान असते. अडीच मीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर व्यासाच्या पोलादी तारेला अर्धा किलोग्रॅमचे वजन टांगले, तर ती जेमतेम ०.३१ मिलिमीटर लांब होते. एवढ्याशा वाढीत दोन भलत्याच गोष्टी मिसळू शकतात. वजनामुळे छतातील आधार स्वतःच थोडा खाली झुकतो, आणि खोलीचे तापमान बदलले की तार आपोआप लांब किंवा आखूड होते. पोलादाचा रेषीय प्रसरणांक प्रति अंश सेल्सिअस सुमारे ०.००००१२ असल्याने अडीच मीटरची तार एका अंशाला ०.०३ मिलिमीटर प्रसरण पावते. ही लांबी अर्ध्या किलोग्रॅमने होणाऱ्या वाढीच्या जवळजवळ एक दशांश आहे. एकटी तार टांगून प्रयोग केला, तर भर दुपारी घेतलेली वाचने आणि पंखा लावल्यानंतरची वाचने एकमेकांशी जुळणार नाहीत.

केंब्रिजच्या सर्ल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपकरणात यावरचा उपाय रचनेतच केलेला आहे. एकाच आधारापासून एकाच द्रव्याच्या, सारख्या लांबीच्या दोन तारा शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. एक संदर्भ तार, तिच्यावरचा भार कायम. दुसरी प्रायोगिक तार, तिच्यावरचा भार आपण बदलतो. प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला धातूची चौकट असते. स्पिरिट लेव्हलचे एक टोक संदर्भ तारेच्या चौकटीवर बिजागरीने बसविलेले असते आणि दुसरे टोक प्रायोगिक तारेच्या चौकटीतील मायक्रोमीटर स्क्रूच्या टोकावर टेकते. आधार झुकला किंवा तापमान बदलले, तर दोन्ही चौकटी सारख्याच सरकतात आणि बुडबुडा जागचा हलत नाही. फक्त प्रायोगिक तार ताणली गेली की तिची चौकट खाली जाते आणि लेव्हल तिरपी होते. स्क्रू फिरवून बुडबुडा पुन्हा मध्यभागी आणला, की स्क्रूच्या दोन वाचनांतील फरक हीच तारेच्या लांबीतील वाढ होय.

कृती. प्रथम दोन्ही तारांना अर्ध्या किलोग्रॅमचा कायमचा भार लावून ठेवावा. तारेतील बारीक वळ्या आणि मुरडी सरळ व्हाव्यात एवढाच त्याचा हेतू असून हा भार गणितात धरावयाचा नाही. वरच्या चिमट्यापासून खालच्या चिमट्यापर्यंतची लांबी मीटरपट्टीने मोजावी. स्क्रू गेजने तारेचा व्यास निदान पाच ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी परस्परांना लंब अशा दोन दिशांनी मोजावा, कारण तारेचा छेद नेहमी अचूक वर्तुळाकार असतोच असे नाही. शून्य त्रुटी नोंदवून दुरुस्ती करावी.

नंतर प्रायोगिक तारेच्या हँगरवर अर्धा-अर्धा किलोग्रॅमची चकती हलक्या हाताने ठेवत जावे. प्रत्येक वेळी एक-दोन मिनिटे थांबून बुडबुडा मध्यावर आणावा आणि वाचन घ्यावे. शेवटच्या भारापर्यंत पोहोचल्यावर त्याच क्रमाने चकत्या उतरवीत पुन्हा वाचने घ्यावीत. आट्यांमधील ढिलाईमुळे होणारी त्रुटी टाळण्यासाठी बुडबुडा मध्यावर आणताना स्क्रूची शेवटची हालचाल दर वेळी एकाच दिशेने असावी. तो पुढे निसटला तर बराच मागे घेऊन पुन्हा त्याच दिशेने आणावा.

एकूण भार तार तुटण्याच्या भाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ देऊ नये. सौम्य पोलादाचे तुटण्याचे प्रतिबल सुमारे ४०० मेगापास्कल धरले, तर अर्धा मिलिमीटर व्यासाच्या तारेसाठी तो भार सुमारे ८ किलोग्रॅम येतो. म्हणून पुढील नोंदींत कायमच्या भारासह ३.५ किलोग्रॅमवर थांबलो आहोत.

निरीक्षणे. तारेची लांबी २.५०० मी. सरासरी व्यास ०.५० मिमी. काटछेदाचे क्षेत्रफळ ०.१९६३ चौ. मिमी. मायक्रोमीटर स्क्रूचे लघुत्तम माप ०.०१ मिमी.

| वाढीव भार (किग्रॅ) | वाचन, भार चढविताना (मिमी) | वाचन, भार उतरविताना (मिमी) | सरासरी (मिमी) |
|---|---|---|---|
| ० | २.१४ | २.१६ | २.१५० |
| ०.५ | २.४६ | २.४७ | २.४६५ |
| १.० | २.७७ | २.७९ | २.७८० |
| १.५ | ३.०८ | ३.१० | ३.०९० |
| २.० | ३.४० | ३.४१ | ३.४०५ |
| २.५ | ३.७१ | ३.७२ | ३.७१५ |
| ३.० | ४.०३ | ४.०३ | ४.०३० |

चढविताना आणि उतरविताना घेतलेली वाचने ०.०२ मिलिमीटरच्या आत जुळतात, यावरून तार स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत राहिली असे म्हणता येते. भार काढल्यावर वाचन २.१५ च्या आसपास न येता २.४ वर अडकले असते, तर एक तर तार कायमची लांबली किंवा चिमट्यातून सरकली, असा निष्कर्ष काढून पुढचे गणित करूच नये.

गणन. लागोपाठच्या वाचनांचे फरक काढून सरासरी घेतली, तर मधली सगळी वाचने एकमेकांना छेद देतात आणि फक्त पहिले व शेवटचे उरते. त्याऐवजी १.५ किलोग्रॅमच्या अंतराने जोड्या कराव्यात. त्या ०.९४०, ०.९४०, ०.९३५ आणि ०.९४० मिलिमीटर येतात, सरासरी ०.९३९ मिलिमीटर.

```
Y = (1.5 × 9.8 × 2.500) / (1.963×10⁻⁷ × 0.939×10⁻³)
  = 1.99 × 10¹¹ N/m²
```

आलेख. क्ष-अक्षावर वाढीव भार आणि य-अक्षावर सरासरी वाचन घ्यावे. सातही बिंदू एका सरळ रेषेजवळ पडतात. रेषा आरंभबिंदूतून जात नाही, ती य-अक्षाला २.१५ वर छेदते, आणि त्यात काही चूक नाही, कारण हे स्क्रूचे सुरुवातीचे वाचन आहे. वाचनांऐवजी वाढ मांडली तरी रेषा ओढूनताणून शून्यातून नेऊ नये. पहिले एक-दोन बिंदू रेषेपासून ढळलेले दिसले, तर तारेतील मुरडी पुरत्या गेल्या नव्हत्या असे समजावे आणि चढ उरलेल्या सरळ भागावरून काढावा. आलेखाचा फायदा इथेच आहे: सूत्रात आकडे घालणाऱ्याला बिघडलेले वाचन दिसत नाही, आलेख काढणाऱ्याला ते लगेच दिसते.

```
चढ s = (4.030 − 2.150) mm / 3.0 kg = 6.27×10⁻⁴ m/kg
Y = g L / (A s)
  = (9.8 × 2.500) / (1.963×10⁻⁷ × 6.27×10⁻⁴)
  = 1.99 × 10¹¹ N/m²
```

या आलेखात चढ जितका कमी तितका Y जास्त. प्रतिबल-विकृती आलेखात मात्र विकृती क्ष-अक्षावर आणि प्रतिबल य-अक्षावर घेतात, त्यामुळे तेथे चढ हाच थेट Y असतो. दोन्ही आलेखांची गल्लत अनेक वह्यांत आढळते.

त्रुटीचा अंदाज. लांबीत एका मिलिमीटरची चूक झाली तरी ती ०.०४ टक्के. वाढीत ०.०१ मिलिमीटरची चूक ०.९३९ मध्ये सुमारे १.१ टक्के. व्यासाच्या ०.५० मिलिमीटरमध्ये ०.०१ ची चूक म्हणजे २ टक्के, आणि सूत्रात त्रिज्येचा वर्ग असल्याने Y मध्ये ती ४ टक्के होते. एकूण सुमारे ५ टक्के, म्हणून निष्कर्ष (१.९९ ± ०.१०) × 10¹¹ न्यूटन/मी² असा लिहावा. बुडबुडा केसभर इकडेतिकडे झाला म्हणून विद्यार्थी हैराण होतात आणि व्यास मात्र एकाच ठिकाणी मोजून मोकळे होतात; त्रुटीचे गणित नेमके उलट सांगते. अधिक बारीक तार घेणे हाही सरळ उपाय नाही. व्यास निम्मा केला तर वाढ चौपट होईल, पण व्यासामुळे येणारी त्रुटी ८ टक्क्यांवर जाईल. त्यापेक्षा त्याच गुंडाळीतील तारेचा मोजलेला तुकडा अचूक काट्यावर तोलून, घनता ७८५० किग्रॅ/मी³ धरून, क्षेत्रफळ पडताळून पाहावे. अडीच मीटरचा असा तुकडा सुमारे ३.८५ ग्रॅम भरला पाहिजे.

मर्यादेपलीकडचा आलेख. आपल्या प्रयोगात सर्वांत मोठे प्रतिबल सुमारे १७५ मेगापास्कल आणि विकृती ०.०००८८ एवढी होती, म्हणजे प्रतिबल-विकृती आलेखाच्या सुरुवातीच्या सरळ तुकड्यापुढे आपण गेलोच नाही. सौम्य पोलादावर भार वाढवीत गेल्यास प्रथम प्रमाणबद्धतेची मर्यादा येते आणि रेषा किंचित वाकते. तिच्या अगदी लगत स्थितिस्थापकतेची मर्यादा असते. ती ओलांडल्यावर भार काढला तरी काही विकृती कायम राहते. सुमारे २५० मेगापास्कलजवळ यील्ड बिंदू येतो, जेथे प्रतिबल फारसे न वाढताही तार लांबत जाते. त्यानंतर द्रव्य पुन्हा काहीसे कठीण होऊन आलेख वर चढतो आणि कमाल प्रतिबलाला पोहोचतो. तेथून तारेच्या एखाद्या जागी बारीक मान तयार होते आणि तार त्याच जागी तुटते. शेवटच्या भागात आलेख खाली उतरताना दिसतो, कारण आपण भाराला मूळ क्षेत्रफळानेच भागत असतो. मानेच्या प्रत्यक्ष, आक्रसलेल्या छेदाने भागल्यास तेथील प्रतिबल तुटेपर्यंत वाढतच गेलेले आढळते. सरळ भागात ही काळजी करावी लागत नाही, कारण तेथे व्यास फार तर ०.०३ टक्क्यांनी कमी होतो आणि आपला स्क्रू गेज तो फरक दाखवूही शकत नाही.